मुख्य, अल्ट्रा-वाइड की टेलिफोटो? फोनच्या तीन कॅमेऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रीनवरचे 0.5x, 1x, 3x हे आकडे नेमके काय सांगतात?

फ्रेममध्ये किती दृश्य मावणार, एवढंच सांगतात. 1x म्हणजे मुख्य कॅमेऱ्याची नेहमीची फ्रेम. 0.5x वर तेवढ्याच जागेवरून रुंदीला आणि उंचीला साधारण दुप्पट दृश्य मावतं. 3x वर मधला एक तृतीयांश रुंदीचा तुकडा फ्रेमभर दिसतो.

हे आकडे मागच्या बाजूच्या कुठल्या कॅमेऱ्याने फोटो काढला, ते मात्र सांगत नाहीत. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. तुम्ही 3x दाबता तेव्हा फोनला एवढंच कळतं की तुम्हाला अमुक एक फ्रेम हवी आहे. ती कुठल्या कॅमेऱ्यातून आणायची हे फोन स्वतः ठरवतो, आणि उजेड कमी असेल तर त्याचा निर्णय तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळा असू शकतो.

तिन्ही कॅमेऱ्यांचे फोटो १२ मेगापिक्सलचे येतात. मग दर्जात एवढा फरक का पडतो?

कारण मेगापिक्सल म्हणजे फोटोतल्या ठिपक्यांची संख्या. त्या ठिपक्यांपर्यंत प्रकाश किती पोचला हे त्यावरून कळत नाही. फोटो स्वच्छ येणार की दाणेदार, हे मुख्यतः या प्रकाशावर ठरतं, आणि प्रकाश किती मिळणार हे लेन्सचं भोक किती मोठं आहे त्यावर.

हे भोक किती मोठं आहे ते घरबसल्या काढता येतं. लेन्सची खरी फोकल लेंथ, म्हणजे लेन्सपासून चित्र स्पष्ट उमटतं तिथपर्यंतचं अंतर, घ्या. तिला f पुढे लिहिलेल्या आकड्याने भागलं की भोकाचा व्यास मिळतो. २०२२ च्या आयफोन १४ प्रोचं उदाहरण घेऊ, कारण त्याच्या फोटोंच्या माहितीत दोन्ही आकडे लिहिलेले असतात. मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ ६.८६ मिमी आणि f १.७८, म्हणजे व्यास सुमारे ३.९ मिमी. अल्ट्रा-वाइडची, म्हणजे 0.5x च्या रुंद कॅमेऱ्याची, २.२२ मिमी आणि f २.२, म्हणजे व्यास जेमतेम १ मिमी. टेलिफोटोची, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या तिप्पट टेलीची, ९ मिमी आणि f २.८, म्हणजे सुमारे ३.२ मिमी.

प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. त्यामुळे समोरच्या एखाद्या चेहऱ्यावरून मुख्य कॅमेरा जेवढा प्रकाश गोळा करतो, त्याच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्शाएवढाच अल्ट्रा-वाइडला मिळतो. f १.७८ आणि f २.२ हे आकडे वाचून फरक किरकोळ वाटतो, पण प्रत्यक्षात तो एवढा मोठा आहे. जाहिरातीत f चा आकडाच का छापतात, हे यावरून लक्षात येईल.

भर उन्हात हा फरक फारसा दिसत नाही, कारण प्रकाश इतका असतो की एक मिमीचं भोकही पुरून उरतं. ट्यूबलाइटच्या खोलीत आलात की मात्र अल्ट्रा-वाइडच्या फोटोत केस आणि कापडाचा पोत पुसल्यासारखा दिसायला लागतो. तो फोनच्या प्रोसेसिंगने खरोखरच पुसलेला असतो: दाणे घालवताना त्यांच्यासोबत बारकावेही जातात.

3x दाबलं तर टेलिफोटोच चालू होतो ना?

बाहेर उजेडात बहुधा होतो. घरात, संध्याकाळी, किंवा समोरची वस्तू फार जवळ असेल तर बऱ्याचदा होत नाही. फोन तेव्हा मुख्य कॅमेऱ्याच्या चित्राचा मधला भाग कापतो, मोठा करतो आणि तेच तुम्हाला 3x म्हणून दाखवतो. ही लबाडी नाही, त्यामागे हिशेब आहे. वरच्या उदाहरणातलं मुख्य कॅमेऱ्याचं भोक टेलीपेक्षा मोठं आहे. क्षेत्रफळाने पाहिलं तर जवळजवळ दीडपट. म्हणजे कापलेल्या तुकड्यातही त्या चेहऱ्याचा प्रकाश टेलीपेक्षा जास्तच आलेला असतो. वर मुख्य कॅमेऱ्याचं हाताचा कंप सावरणारं स्टॅबिलायझेशनही सहसा चांगलं असतं.

किंमत मोजावी लागते ती बारकाव्यांत. त्या मुख्य कॅमेऱ्याच्या ४८ मेगापिक्सलच्या सेन्सरचा 3x साठी कापलेला भाग म्हणजे एक नवमांश, सव्वापाच मेगापिक्सलच्या आसपास. फाइल मात्र १२ मेगापिक्सलची मिळू शकते. मधले ठिपके फोनने अंदाजाने भरलेले असतात.

कुठला कॅमेरा चालू आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात सोपा उपाय बोटाचा. 3x वर ठेवा आणि टेलीच्या काचेवर बोट ठेवा. स्क्रीन काळी पडली तर टेली चालू आहे. काहीच फरक पडला नाही तर चित्र मुख्य कॅमेऱ्यातून येतंय. हा प्रयोग एकदा खिडकीपाशी आणि एकदा पडदे ओढलेल्या खोलीत करून पाहा. तुमचा फोन किती उजेडाला माघार घेतो, याचा अंदाज येतो, आणि तो पुढे फार उपयोगी पडतो.

फोटो काढून झाल्यावर खात्री करायची असेल तर गॅलरीत त्या फोटोची माहिती उघडा आणि f चा आकडा बघा. फ्रेम 3x ची आहे आणि आकडा ƒ2.8 असेल तर टेलीने काढला. ƒ1.78 दिसला तर मुख्य कॅमेऱ्याचा तुकडा आहे. प्रत्येक फोनचे आकडे वेगळे असतात, पण एकाच फोनमधल्या कॅमेऱ्यांचे f बहुतेक वेळा एकमेकांपासून वेगळे असल्यामुळे ओळख पटते.

सभागृहात मागे बसून मंचावरच्या माणसाचा फोटो काढायचा आहे. 3x दाबून काढू का?

हा प्रश्न थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण टेलीचे फायदे-तोटे इथे एकदम समोर येतात.

समजा मंचावर कोणालातरी प्रमाणपत्र दिलं जातंय आणि तुम्ही १२ मीटरवर आहात. फोन आडवा धरून 3x लावलंत तर फ्रेममध्ये साधारण साडेपाच मीटर रुंद आणि चार मीटर उंच भाग येईल. माणूस फ्रेमच्या निम्म्याहून कमी उंचीचा दिसेल. खरी टेली चालू असेल तर हनुवटीपासून टाळूपर्यंतचा चेहरा सुमारे १७० पिक्सल उंच मिळतो. सभागृहातला उजेड कमी म्हणून फोनने मुख्य कॅमेऱ्यावर उडी घेतली, तर त्याच चेहऱ्याला खरे पिक्सल ११५ च्या आसपासच मिळतात. स्क्रीनवर दोन्ही फोटो ठीक दिसतील. चेहऱ्यावर झूम करा, मग दुसऱ्या फोटोतल्या भुवया ब्रशने ओढल्यासारख्या आणि प्रमाणपत्रावरची अक्षरं किड्यामुंग्यांसारखी दिसतील.

आता टेलीची जबरदस्ती करता येते. अनेक अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्ये लेन्स स्वतः निवडता येते, आणि आयफोनवर तशी सोय देणारी वेगळी कॅमेरा अॅप आहेत. पण मग अंधाराची जबाबदारी तुमच्यावर येते. माणूस हात हलवतोय, हस्तांदोलन करतोय, तर शटर १/१०० सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात टेलीच्या छोट्या सेन्सरला प्रकाश पुरत नाही आणि आयएसओ, म्हणजे कमी प्रकाश फोनने किती वाढवून घेतला त्याचा आकडा, चढत जातो आणि फोटो दाणेदार होतो. माझा अंदाज असा: आयएसओ हजाराच्या आत राहत असेल तर टेलीचा फोटो स्पष्टपणे सरस येतो. दोन हजाराच्या वर गेला की मुख्य कॅमेऱ्याचा कापलेला तुकडाच बरा, आणि फोनचा निर्णय मान्य करावा. मंचावर चांगले दिवे असतील तर आयएसओ बऱ्याचदा हजाराच्या आतच राहतो. फोनने संपूर्ण अंधाऱ्या सभागृहाकडे पाहून घाईने माघार घेतलेली असते. अशा वेळी लेन्स स्वतः निवडण्याचा खरा फायदा होतो.

तिसरा पर्याय पायांचा आहे. बाजूच्या वाटेने सहा मीटर पुढे जा आणि 2x लावा. फ्रेमची उंची आता सव्वातीन मीटर, म्हणजे आधीपेक्षा माणूस मोठा. ४८ मेगापिक्सलच्या सेन्सरमधून 2x साठी मधले १२ मेगापिक्सल खरेखुरे मिळतात, त्यामुळे चेहरा २०० पिक्सलहून जास्त उंच येतो. शिवाय अंतर निम्मं झाल्यामुळे त्याच चेहऱ्यावरून लेन्समध्ये येणारा प्रकाश चौपट होतो. मागे बसून काढलेला कुठलाही 3x फोटो याच्या जवळपास येत नाही.

मग पाचपट टेलीचंही असंच होतं का?

नाही, तिथे गणित उलटतं. आयफोन १५ प्रो मॅक्सच्या पाचपट टेलीची खरी फोकल लेंथ १५.६६ मिमी आणि f २.८ आहे. भागाकार केला की भोक ५.६ मिमीचं निघतं, मुख्य कॅमेऱ्याहून मोठं. त्यामुळे कमी उजेडातही दूरच्या वस्तूवरून ती मुख्य कॅमेऱ्यापेक्षा जास्त प्रकाश आणते. मुख्य कॅमेऱ्यातून 5x कापायचं म्हटलं तर पंचविसावा हिस्सा उरतो, ४८ मधले दोन मेगापिक्सलही नाहीत.

पण सोबत दोन अडचणी येतात. पहिली, हात थोडा हलला तरी फोटो पसरतो, कारण फ्रेम फार अरुंद असते. कोपर भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकवा, आणि शक्य असेल तर दोन-तीन फोटो लागोपाठ काढा. एखादा तरी धारदार निघतो. दुसरी, मधली दरी. 3x आणि 4x वर असा फोन मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र ताणत राहतो. माणसांचे फोटो ज्या अंतरावरून काढले जातात, त्यातले बरेचसे नेमके या दरीत पडतात. म्हणून घरच्या माणसांचे फोटो जास्त काढणाऱ्याला तिप्पट टेली आणि पक्षी, खेळ, दूरचे डोंगर काढणाऱ्याला पाचपट, असं मी सुचवेन.

माझ्या फोनला 2x ची वेगळी लेन्स नाही, तरी बटण आहे. ते वापरावं का?

मुख्य सेन्सर ४८ किंवा ५० मेगापिक्सलचा असेल तर बिनधास्त वापरा. उजेडात 2x हा मुख्य कॅमेऱ्याचाच खरा मधला भाग असतो. अंधारात मात्र हे सेन्सर चार-चार ठिपक्यांचा एक मोठा ठिपका करून काम करतात, त्यामुळे रात्री 2x मध्ये दाणे आणि मऊपणा 1x पेक्षा लगेच जाणवतो. १२ मेगापिक्सलच्या जुन्या सेन्सरवर 2x म्हणजे साधा क्रॉप. तो नंतर एडिटिंगमध्येही करता येतो.

चेहऱ्याचे फोटो टेलीनेच चांगले का येतात?

टेलीमुळे तुम्हाला मागे सरकावं लागतं, म्हणून. चेहऱ्याची ठेवण लेन्सवर नाही, अंतरावर ठरते. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर अंतर धरा. तुम्ही ४० सेंटिमीटरवरून फोटो काढलात तर कान ५२ सेंटिमीटरवर आहेत, म्हणजे कानाच्या तुलनेत नाक ३० टक्के मोठं उमटतं. दोन मीटरवरून हाच फरक ६ टक्क्यांवर येतो. सेल्फीत ‘माझं नाक एवढं मोठं कसं’ असं वाटतं, त्याचं उत्तर इथे आहे.

म्हणजे तिप्पट टेली नसेल तरी हरकत नाही. दीड-दोन मीटर मागे उभे राहा, 2x लावा आणि उरलेलं क्रॉप करा. चेहरा टेलीइतकाच प्रमाणबद्ध येईल, फक्त पिक्सल थोडे कमी मिळतील. आणि उलटही खरं आहे: 3x लावून माणसाच्या फार जवळ गेलात तर टेली फोकसच करत नाही. अनेक टेली लेन्सना किमान अर्धा ते एक मीटर अंतर लागतं, पाचपटवाल्यांना त्याहूनही जास्त. त्याच्या आत गेलात की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर येतो.

ग्रुप फोटोत कडेची माणसं जाड आणि तिरकी का दिसतात?

0.5x मुळे. अल्ट्रा-वाइडने पकडलेलं दृश्य मुळात बाहेरच्या बाजूला फुगलेलं असतं. भिंती आणि दारं सरळ दिसावीत म्हणून फोन ते ताणून सपाट करतो, आणि हा ताण मध्यापासून जितकं दूर जावं तितका वाढतो. 0.5x च्या आडव्या फ्रेमच्या अगदी कडेला चेहरा उंचीच्या मानाने दीडपटीहूनही रुंद होतो. पोळी लाटताना कड ओढली जावी तसा.

उपाय सोपा आहे. जागा असेल तर मागे सरकून 1x वर काढा. जागा नसेल आणि 0.5x शिवाय गत्यंतर नसेल, तर दोन्ही टोकांना माणसाऐवजी भिंत किंवा झाडं येतील इतकी मोकळी जागा ठेवा, आणि सगळ्यांना सरळ रांगेऐवजी किंचित अर्धवर्तुळात उभं करा. फोन छातीच्या उंचीवर आणि अगदी सरळ धरा. तो जरा खाली झुकला की पाय आखूड आणि डोकी मोठी दिसतात.

अल्ट्रा-वाइड मग वापरायचा तरी कधी?

दोन जागी. जिथे मागे सरकायला खरोखर जागा नाही: छोटी खोली, जिना, गाडीचा आतला भाग, अंगावर येणारी उंच इमारत. आणि जिथे अगदी पुढ्यात काहीतरी पाहण्यासारखं आहे: रस्त्यावरचं पाणी, दगड, गवत, एखाद्या रांगोळीचा कोपरा. हाताच्या अंतरावरची वस्तू 0.5x वर भव्य होते आणि मागचं सगळं लहान होत दूर पळतं. हा खोलीचा भास दुसरी लेन्स देत नाही.

समोर दूरवर डोंगररांग आहे आणि पुढे नुसतं रिकामं मैदान आहे, अशा वेळी लोक हमखास 0.5x लावतात आणि मग डोंगर बोटभर दिसतो. तिथे 2x किंवा 3x लावून पाहा. डोंगर डोळ्यांना वाटला होता तसा येतो.

रात्री अल्ट्रा-वाइड टाळावा हे वेगळं सांगायला नको. बऱ्याच फोनमध्ये त्याला ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनही नसतं. रुंद दृश्य हवंच असेल तर फोन उभा धरून 1x वर पॅनोरमा घ्या. माणसं हलत नसतील तर तो 0.5x च्या फोटोपेक्षा खूप स्वच्छ येतो.

फुलाच्या जवळ गेलो की फ्रेम एकदम उडी मारते आणि रंगही बदलतो. बिघाड आहे का?

नाही. मोठ्या सेन्सरचा मुख्य कॅमेरा फार जवळ फोकस करू शकत नाही, त्यामुळे एका मर्यादेच्या आत गेलात की फोन अल्ट्रा-वाइडवर जातो आणि त्यातला मधला तुकडा कापून दाखवतो. आयफोनवर तेव्हा फुलाचं चिन्ह उमटतं. त्यावर टॅप केलं की ही अदलाबदल बंद होते.

मुंगी किंवा नाण्यावरची अक्षरं अशा अगदी बारीक गोष्टींसाठी ही सोय उत्तम आहे. पण तळहाताएवढं फूल, दागिना किंवा कागदावरचा मजकूर असेल तर ती टाळलेलीच बरी: वीस-पंचवीस सेंटिमीटर मागे या, मुख्य कॅमेऱ्यावर 2x लावा. फोनची सावली वस्तूवर पडत नाही, कागदाच्या कडा वाकत नाहीत आणि मागचं दृश्य छान धूसर होतं. स्वस्त फोनमध्ये अल्ट्रा-वाइडला ऑटोफोकसच नसतो. त्यात जवळ जाऊन उपयोग नाही, आणि वेगळा दिलेला २ मेगापिक्सलचा ‘मॅक्रो’ कॅमेरा हा मागच्या बाजूची काच वाढवण्यापलीकडे फारसं काही करत नाही.

व्हिडिओ काढताना मधेच झूम केलं तर चालेल का?

फार नको. एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना रंग, उजेड आणि फ्रेमची जागा क्षणभर हलते. फोटोत दोन वेगवेगळी चित्रं असल्यामुळे हे खपून जातं, व्हिडिओत झटका दिसतो. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंगखाली `Lock Camera` नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की रेकॉर्डिंग सुरू असताना फोन आपणहून कॅमेरा बदलत नाही. ज्या फोनमध्ये अशी सोय नाही, तिथे आधी फ्रेम ठरवा, रेकॉर्डिंग सुरू करा, आणि दुसरी फ्रेम हवी असेल तर नवीन क्लिप घ्या.

नवीन फोन घेताना कॅमेऱ्यांबद्दल काय तपासू?

दुकानात हातात घेऊन दोन मिनिटांत तीन गोष्टी कळतात. टेली आहे का, आणि असेल तर किती पट. बोटाच्या उपायाने ती दुकानाच्या उजेडात खरंच चालू होते का. आणि अल्ट्रा-वाइडने हाताच्या रेषा जवळून स्पष्ट येतात का, म्हणजे त्याला ऑटोफोकस आहे की नाही. मागे किती काचा आहेत आणि खोक्यावर 100x लिहिलंय की 30x, याकडे बघायची गरज नाही. खऱ्या लेन्सच्या पटीपलीकडचा सगळा झूम क्रॉपच असतो.